बेलीफाला घातलेला वळसा

बेलीफ होडीत बसला की मी होडी सरळ नेत नसे.

आमच्या खाडीच्या मधोमध वाळूची एक दांडी आहे. ओहोटीला ती उघडी पडते, तेव्हा होडीला तिच्या शेपटाकडून वळसा घालून जावं लागतं. भरतीला तिच्यावर पुरुषभर पाणी असतं, तेव्हा वळशाचं कारण नाही. पण खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला आणि काखेत कातडी पिशवी असा माणूस अलीकडच्या धक्क्यावर उभा दिसला, की पाणी कसंही असो, मी वळशानेच जात असे. पलीकडच्या गावातून सगळी खाडी दिसते. भरल्या पाण्यात होडी वळसा घेताना दिसली की गावाला समजायचं, कोर्टाचा माणूस समन्स घेऊन येतोय. ज्याला आपल्यावर कागद येईल अशी धास्ती असे, तो मागच्या दाराने निघून तिवरांच्या झाडीत शिरायचा. बेलीफ धक्क्याला उतरेपर्यंत त्या घरात फक्त बायका उरायच्या.

ही खूण मी काढलेली होती. गावाने मला कधी तसं सांगितलं नव्हतं. आज हे लिहिताना मान खाली जाते, पण तेव्हा मला त्याचा अभिमान होता, आणि तो नव्हता असं मी म्हणणार नाही.

ही गोष्ट पहिली मोठी लढाई संपून आठ-दहा वर्षं झाल्यानंतरची. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. कोर्ट अलिबागला. लोकल बोर्डाकडून त्या तरीचा, म्हणजे माणसं होडीने पार नेण्याचा, मक्ता मी दर साल घेत असे. अलीकडच्या काठाला माझं घर, पलीकडच्या गावात माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. तिला मी बाय म्हणत असे. मी दुसरीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. पण सही शिकलो होतो. मक्त्याच्या कागदावर बाकीचे होडीवाले अंगठा उठवायचे आणि मी बाळबोधीत, डोक्यावर रेघ ओढून, पूर्ण नाव लिहायचो. कारकून म्हणायचा, "वा, तांडेल!" तेवढ्यावर माझं वर्ष चांगलं जायचं.

आता माझ्या डोक्यात जी समजूत बसली होती ती कुठून आली तेही सांगतो. बहिणीच्या गावातल्या एका म्हाताऱ्यावर त्याच्या चुलतभावाने भिंतीपायी दावा लावला होता. बेलीफ चार वेळा आला, चारही वेळा मी वळसा घातला, चारही वेळा म्हातारा तिवरांत बसला. पाचव्या वेळी बेलीफ आलाच नाही. पुढे कळलं की दावा बारगळला. म्हाताऱ्याने मला नारळ आणि टोपलीभर सुकट आणून दिली आणि धक्क्यावर चारचौघांत म्हणाला, "कोर्टाला जिंकनारा ह्यो एकच मानूस हाय." त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत सुटलो: कागद हातात घेतला तरच दावा उभा राहतो. घेतला नाही तर कोर्ट काय करणार? कोर्टाला काय पाय आहेत?

बहिणीच्या घरामागे माडांची एक वाडी होती. पन्नासएक माड, मधे विहीर, कडेला सुपारी. माझ्या दाजींच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या बापाने ती शेजारच्या बागायतदाराकडून विकत घेतली होती. दाजी मऊ माणूस. मोठ्याने बोललं तरी दोन पावलं मागे सरायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. वाडी हेच काय ते. बाय प्रत्येक माडाला ओळखायची. कोणता कधी लागला, कुणाला भुंगा पोखरतो, सगळं. पुढे तो बागायतदार वारला आणि त्याचा मुलगा म्हणू लागला, की वाडी विकलेली नव्हती, नुसती राखणीला दिली होती, आता ती परत हवी. बांधावर एकदा बोलाचाली झाली. तो म्हणाला, "अलिबागला भेटू." दाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

मी त्यांना म्हणालो, "दाजी, तुमी कायपन करू नका. कागद आला तर घेऊ नका. बाकीचा मी बघतो."

"पन आपल्याकडं खरेदीखत हाय ना. त्याच्या बापाची सही हाय त्याच्यावर," दाजी म्हणाले.

"मंग ऱ्हावंदे पेटीत. कोर्टात कशाला न्यायचा? तिकडं गेलेला कागद परत येतो काय?"

बाय चुलीपुढून म्हणाली, "दाखवायचा असंल तर दाखवावा. सही हाय तर भ्यायचं कशाला?"

"बाय, तुला ह्यातलं काय कळतं?" मी म्हणालो. तिने चुलीत लाकूड सारलं. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पण भावाचा शब्द तिच्या घरात चालत असे.

पावसाचा जोर ओसरल्यावर बेलीफ आला. हा नवा होता. उंच, वाळलेला, पन्नाशीचा माणूस. काखेत पिशवी, हातात ठिगळाची छत्री. होडीत बसताना त्याने वहाणा काढून हातात घेतल्या, म्हणून मला वाटलं शहरी आहे, पाण्याला बिचकतो.

वळसा घ्यायला लागलो तसा तो म्हणाला, "पाणी भरलंय वाटतं."

"वरून भरल्यालं दिसतं, साहेब. खाली दांडी हाय. होडी बसली तर तुमालाच उतरून ढकलाया लागंल."

"ढकलीन की. सरकार मला पायाचाच पगार देतं."

बहिणीच्या घरी त्याला ती एकटी भेटली. मी शिकवल्याप्रमाणे ती म्हणाली, "घरात बाप्या मानूस न्हाय." त्या काळी समन्स बाईच्या हातात देऊन भागत नसे, घरातला वयात आलेला पुरुषच लागे. तो ओटीवर थोडा वेळ बसला, पाणी प्याला, परत आला. आठ दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा तेच. त्या खेपेला त्याने शेजारीपाजारी चौकशी केली, तेव्हा आमचं नातंही त्याला कळलं. परत येताना होडीत मला म्हणाला, "तांडेल, तुझे दाजी म्हणजे कमाल आहेत. एक जण सांगतो, तळे गावाला बारशाला गेलेत. दुसरा सांगतो, अलिबागला औषधाला गेलेत. आणि ओटीवर त्यांची विडी जळत होती."

मी हसलो. तोही हसला. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या खेपेला तो दुपारी आला, ऐन भरतीला. होडीत बसल्यावर म्हणाला, "आज सरळ ने."

"दांडी हाय."

"दांडीवर पुरुषभर पाणी आहे. गेल्या दोन्ही खेपांना होतं. माझा बाप रेवदंड्याला मचव्यावर होता रे."

मी वल्हं थांबवलं. "मंग बोललात का न्हाय?"

"माझं काम कागद पोचवायचं. तू वळशाने नेलंस, मी वळशाने पोचलो. माझ्या अहवालात माझ्या खेपा लिहितो, तुझे वळसे लिहीत नाही. पण आता तिसरी खेप आहे. आज ने सरळ."

एवढं ऐकूनही मी वळसाच घातला. मला कुणी शिकवलेलं खपत नसे. तो छत्री उघडून बसला.

पलीकडे उतरल्यावर तो मलाच म्हणाला, बरोबर चल, पोलीस पाटील बाहेरगावी आहे, घर दाखवायला कुणीतरी हवं. मला नाही म्हणता आलं असतं. पण मनात म्हटलं, बघू तरी हा काय करतो.

बहिणीच्या घरात ओटीवर पाट मांडलेला. ताटात भात अजून वाफाळत होता, शेजारी अर्धा खाल्लेला बोंबील. बाय दारात उभी. बेलीफाने ताटाकडे पाहिलं, मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि खणखणीत आवाजात दाजींचं नाव घेऊन तीन हाका मारल्या. मग समन्स उघडून उभ्या उभ्या वाचलं, इतक्या मोठ्याने की तिवरांतही ऐकू जावं. वाडीचा दावा आहे, इंग्रजी महिन्याच्या अमुक तारखेला अलिबागच्या कोर्टात हजर राहून जबाब द्यावा, न राहिल्यास तुमच्या गैरहजेरीत निकाल होईल. वाचून झाल्यावर त्याने पिशवीतून खळीची डबी काढली, कागदाच्या पाठीला खळ लावली आणि तो पुढच्या दाराच्या फळीवर चिकटवला. अंगठ्याने चारी कोपरे दाबले.

दाराला लावली ती नक्कल होती. नंतर ओटीवर बसून मूळ समन्सच्या पाठीवर मोडीत अहवाल लिहू लागला. लिहिता लिहिता मला विचारलं, "हे घर प्रतिवादीचंच ना?"

"तर काय! माझ्या बहिनीचं घर मला ठावं नसंल?"

"तुझ्यासमोर कागद लावला?"

"मी काय आंधळा हाय?"

"मग इथे अंगठा कर."

अंगठा म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "अंगठा कशाला? सही येती मला." आणि मी त्याच्या हातातून टाक घेऊन पूर्ण नाव लिहिलं, डोक्यावर रेघ ओढून. वर मोडीत काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. विचारायची लाज वाटली, म्हणून विचारलंही नाही.

परत येताना तो म्हणाला, "तांडेल, ऐकून ठेव आणि दाजींना सांग. गणपतीच्या आधीचा सोमवार. अकरा वाजता कोर्टात नुसतं येऊन उभं राहू दे त्यांना. दावा खरा का खोटा ते तिथे ठरेल. पण आले नाहीत, तर खोटाही खरा होतो. कागद हातात घेतला काय, दाराला लागला काय, कोर्टाला दोन्ही सारखंच. दारावरून फाडलात तरी तारीख फाटत नाही."

मी विचारलं, "वादीनं तुमाला काय दिलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. उतरल्यावर वहाणा पायात घालून रस्त्याला लागला. त्या माणसाने माझं काही वाईट केलं नव्हतं. तीन खेपा मी त्याला फिरवला, आणि शेवटी त्याने मला जे सांगितलं ते माझ्याच बहिणीच्या भल्याचं होतं.

मी तशीच होडी परत पलीकडे नेली. दाजी तिवरांतून परत आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. बाय दारावरच्या कागदापुढे उभी होती. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्याच्यावर काय लिवलंय रं? तो विंग्रजी तारीख बोलला, ती कंची?"

"लिवायचं काय! भ्या दाखवायचं," मी म्हणालो आणि कागद ओरबाडून काढला. खळ ओली होती, तरी दोन तुकडे फळीला चिकटून राहिले, ते नखाने खरवडले. सगळं चुलीत टाकलं. "दाजी, तुमच्या हातात कागद आला काय? न्हाय ना? मंग झालं."

तारीख मी सांगितली नाही. मला ती माहीत होती. सांगितली असती तर दाजी घाबरून गेलेच असते, आणि ते गेले असते तर माझी सगळी खूण, माझे सगळे वळसे फुकट, असं मला वाटलं. दुसरं कारण नव्हतं. मी किती वेळा शोधलं, दुसरं सापडत नाही.

तो सोमवार आला. गणपतीचं सामान घेऊन माणसं सारखी इकडून तिकडे करत होती, होडीला उसंत नव्हती. सकाळी सूर्य माडांच्या वर आला तेव्हा मला आठवण झाली, की आज ती तारीख. मी पलीकडच्या धक्क्यावरच होतो. बहिणीचं घर हाकेच्या अंतरावर. तेव्हा सांगितलं असतं तर दाजी संध्याकाळपर्यंत तरी अलिबागला पोचले असते. निकाल व्हायच्या आत पोचून कारण दाखवलं, तर कोर्ट पुष्कळदा ऐकून घेतं, असं पुढे वकिलाने सांगितलं. मी एक मखर होडीत चढवलं आणि वल्हं मारलं.

दिवाळीनंतर तोच बेलीफ पुन्हा आला. बरोबर बागायतदाराचा मुलगा आणि दोन माणसं. होडी सुटली आणि माझे हात आपोआप वळसा घेऊ लागले.

बेलीफ हळूच म्हणाला, "आज राहू दे, तांडेल. आज कुणी लपून उपयोग नाही. वाडी काही तिवरांत जात नाही."

त्याच्याकडे वाडीच्या कबज्याचं वॉरंट होतं. गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला होता. बेलीफाने शपथेवर समन्स लावल्याचं सांगितलं, कोर्टाने ते बजावलं असं धरलं, वादीने आपली आणि एका साक्षीदाराची जबानी दिली, दुसऱ्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. दाजींना हे त्यांच्याच वाडीत उभं राहून कळलं. ते नुसते म्हणत राहिले, "पन मी कागद घेतलाच न्हाय. घेतलाच न्हाय ना मी." बेलीफाने चार हद्दी फिरून दाखवल्या, दाजींना आणि बायला बांधाबाहेर यायला सांगितलं, पंचनामा लिहिला. ह्या खेपेला पंच म्हणून त्याने मला विचारलं नाही.

बाय बाहेर येताना मधेच थांबली. "ह्या झावळ्या मी काल गोळा केल्यात. ह्या तरी नेऊ?"

बेलीफाने वादीकडे पाहिलं. वादी म्हणाला, "ने." तिने भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि घरात गेली. घर दाव्यात नव्हतं. ते राहिलं.

दोन दिवसांनी मी आणि दाजी खरेदीखत घेऊन अलिबागला वकिलाकडे गेलो. त्याने कागद उजेडात धरून दोनदा वाचला. म्हणाला, "हा कागद हजर केला असता तर दावा टिकायला कठीण होता. बापाची सही, दोन साक्षी, आणि इतकी वर्षं कबजा तुमचा. पण हा आता वाचणार कोण? आता कोर्टापुढे वाडी कुणाची हा प्रश्नच नाही. प्रश्न एकच, समन्स रीतसर बजावलं होतं का."

"आनि बजावलं आसंल तर?" मी विचारलं.

"तर निकालापासून तीस दिवसांत अर्ज यायला हवा होता. ते गेले. अपिलाचेही गेले. बजावलंच नसेल, तर तुम्हाला निकाल कळल्यापासून तीस दिवस. म्हणजे आज अर्ज चालेल. तर नीट सांगा. कागद दाराला लागला होता?"

दाजी माझ्याकडे बघायला लागले. ते तिवरांत होते, त्यांनी पाहिला नव्हता. मी म्हणालो, "न्हाय लागला."

मी त्याला म्हाताऱ्याच्या भिंतीचंही सांगितलं, की कागद घेतला नाही म्हणून तिथे दावा कसा बारगळला होता. वकील चष्म्यावरून बघत राहिला. "अरे, तिथे वादीने पुढच्या समन्साचा भत्ता भरला नसेल. खर्चाला कंटाळला असेल. म्हणून दावा काढून टाकला. तुमच्या लपण्यामुळे नव्हे." इतक्या वर्षांची माझी कोर्टावरची जीत एवढीच होती. एका माणसाचा कंटाळा.

अर्ज झाला. वकिलाने कोर्टातले कागद पाहिले तेव्हा अहवालावरची सही त्याला दिसली. "ही कुणाची?" त्याने मला विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. त्याने वही मिटली. मग म्हणाला, "साक्षीत खरं ते सांग. मी दुसरं काही सांगणार नाही."

सुनावणीच्या दिवशी बायही आली होती. पायी आली, लुगड्याच्या ओच्यात भाकर बांधून. आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो. माझं मन मी तिथेच पक्कं केलं. आयुष्यात जी एकच विद्या मला होती ती तिच्यासाठी टाकून द्यायची.

पिंजऱ्यात ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणून शपथ घेतली आणि सांगितलं, की दारावर कागद लागलेला मी पाहिला नाही आणि ही सही माझी नाही. मला सही येत नाही.

वादीचा वकील म्हणाला, "लिहिता येत नाही?"

"न्हाय."

"नावसुद्धा?"

"अडानी मानूस हाय मी, साहेब. अंगठा मारतो."

हे बोलताना माझे कान तापले. मागे बाकावर आमच्या बाजूची माणसं होती, ज्यांनी मला मक्त्याच्या कागदावर सही करताना पाहिलं होतं. वादीच्या वकिलाने टेबलावरून एक कागद उचलला. लोकल बोर्डाकडून आणवलेला माझा त्या सालचा मक्ता. खाली माझं पूर्ण नाव, बाळबोधीत, डोक्यावर एकच लांब रेघ. दोन्ही कागद जज्जसाहेबांनी शेजारी शेजारी ठेवले. मला कोरा कागद दिला, म्हणाले, लिही. मी मुद्दाम वाकडं लिहायला गेलो. पण हात एकच तऱ्हा शिकलेला. रेघ तशीच आली.

मग बेलीफाची जबानी झाली. तीन खेपा, तीन तारखा, ताटातला भात, हाका, वाचून दाखवलेलं समन्स, खळ. वळशाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. आमच्या वकिलाने विचारलं, "प्रतिवादीला तारीख कळावी म्हणून आणखी काय केलंत?"

बेलीफ म्हणाला, "परत जाताना होडीत ह्या साक्षीदाराला तोंडी सांगितली. गणपतीच्या आधीचा सोमवार. घरी सांगायला सांगितलं होतं."

मी मागे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. मला तारीख सांगितली गेली होती हे बायला तिथे, परक्या माणसाच्या तोंडून कळलं.

अर्ज नामंजूर झाला. समन्स रीतसर बजावलं होतं, मुदत टळली होती. जज्जसाहेब मला म्हणाले, "खोट्या साक्षीबद्दल तुझ्यावर खटला भरता येईल. बहिणीसाठी बोललास म्हणून ह्या वेळी सोडतो. पण खरं बोलला असतास तरी तुझ्या दाजींचं नुकसान ह्याहून जास्त झालं नसतं." खरेदीखत दाजींच्या बंडीच्या खिशात होतं. ते शेवटपर्यंत कुणी मागितलं नाही.

संध्याकाळी आम्ही खाडीवर पोचलो. होडी माझ्या माणसाने धक्क्याला लावून ठेवली होती. बाय चढणार तेवढ्यात दाजी, जे कधी कुणाला मोठ्याने बोलले नाहीत, ते म्हणाले, "तू ने होडी. आमी वरून जातो." वरून म्हणजे खारीच्या बांधाने, खाडीचं तोंड फिरून, तीन कोस. बाय थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मागून गेली. मी वल्हं हातात घेऊन उभा राहिलो. भरती होती.

दोन महिने ती दोघं माझ्या होडीत बसली नाहीत. मग एक दिवस मीच गेलो. दाजी पहाटेच मिठागरावर कामाला गेले होते, ते आता रोजचं झालं होतं. बायने मला पाणी दिलं. मागच्या अंगणात बसलो. तिथून वाडी दिसते. वादीने मधे काट्यांचं कुंपण घातलं होतं, आणि त्याचा गडी एका माडावर चढला होता. बाय बघत होती. "त्या माडावर आजून चढायचं नव्हतं," ती म्हणाली. "कोवळं हाईत." तिने गड्याला हाक मारली नाही.

मी म्हणालो, "बाय, चुकलं माझं."

ती माडाकडेच बघत होती. मग म्हणाली, "तुझे दाजी भ्याले असते. ते गेले नसते कदाचित. पन मला सांगितलं असतंस तर मी गेले असते रं. कागद घेऊन मी एकटी गेले असते."

बाईमाणूस कोर्टात जाऊन काय करणार, असं पूर्वी मी म्हटलं असतं. पण ती गेली असती, हे मला ठाऊक आहे. नवऱ्याकडून वकिलाच्या नावचा कागद अंगठ्याने करून घेतला असता, खरेदीखत कमरेला बांधलं असतं, अंधारात घर सोडलं असतं आणि अकराच्या आधी ती अलिबागला पोचली असती.